सिलॅबस एका पानात

पुण्यातल्या वाचकाला एमआयटी म्हटलं की कोथरूड आठवतं. इथे विषय आहे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीचा आणि तिथल्या 18.06 या क्रमांकाच्या, म्हणजे लिनियर अल्जिब्राच्या कोर्सचा. प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांनी वर्गात घेतलेली त्याची व्याख्यानं 1999 मध्ये चित्रित झाली. ती आज ओपनकोर्सवेअरवर कुणालाही फुकट पाहता येतात आणि आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुलंही ती पाहतात. सोबत 2010 च्या सत्राचा सिलॅबसही तिथे ठेवलेला आहे. नव्या विद्यार्थ्यासाठी सिलॅबसचा सारांश कसा काढावा, हे शिकायला तो चांगला नमुना आहे, कारण तो छोटा आहे आणि तरीही त्यात फसायच्या जागा आहेत.

सुरुवात करावी गुणांपासून. गृहपाठाला 15 टक्के, तासाभराच्या तीन परीक्षांना मिळून 45 आणि अंतिम परीक्षेला 40. बेरीज शंभर येते ना, हे आधी पाहायचं. हास्यास्पद वाटेल, पण सारांशात सर्वाधिक गोंधळ इथेच होतो: ‘तीन परीक्षा, 45 टक्के’ हे कुणी घाईत ‘प्रत्येकी 45’ असं वाचतो, तर कुणी 15 टक्के एका गृहपाठाचे समजतो. गृहपाठ दहा आहेत, म्हणजे एकाच्या वाट्याला दीड टक्का. तासाभराची एक परीक्षा 15 टक्क्यांची, म्हणजे सगळ्या गृहपाठांच्या बरोबरीची.

पण नुसते टक्के उतरवून काम भागत नाही. नव्या मुलाला कळायला हवं की सत्राच्या शेवटाकडे तो कुठे उभा असेल. समजा एकीला गृहपाठात 90 टक्के मिळाले आणि तीन परीक्षांत सरासरी 70. गृहपाठाचे झाले साडेतेरा, परीक्षांचे साडेएकतीस, मिळून 45. तिला एकूण 80 हवे असतील, तर अंतिम परीक्षेत 40 पैकी 35 मिळवावे लागतील, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. आधीच्या तीन परीक्षांत सत्तरीच्या आसपास राहिलेल्या मुलीला हे सोपं नाही. असं एक सोडवलेलं उदाहरण सारांशात घातलं, तर पहिल्या परीक्षेचं वजन पहिल्याच आठवड्यात समजतं.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. इथली अंतिम परीक्षा संपूर्ण कोर्सवर असते. महाराष्ट्रातून गेलेल्या मुलाला हे ठळक करून सांगावं लागतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या 2019 पॅटर्नमध्ये पहिली दोन युनिटं 30 गुणांच्या इनसेमला आणि उरलेली चार 70 गुणांच्या एंडसेमला, अशी वाटणी होती. इनसेम झाली की पहिली दोन युनिटं बाजूला ठेवायची सवय त्यातूनच लागते. ती सवय घेऊन 18.06 ला बसणारा मुलगा एलिमिनेशन आणि नलस्पेस विसरून अंतिम परीक्षेला जाईल. म्हणून टक्क्यांच्या शेजारी ‘कशावर’ हे लिहायलाच हवं.

आता आठवडे. व्याख्यानांचे क्रमांक 1 ते 34 आहेत, मध्ये 24ब म्हणून एक जादा, आणि आठवड्याला तीन तास. तीनने भागलं की आठवडे बाराच्या आत येतात, पण सत्र त्याहून लांब चालतं. उरलेली जागा परीक्षा आणि सुट्ट्या खातात. वसंत सत्रात मार्चच्या अखेरीस आठवडाभराची सुट्टी असते. फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेचा सोमवार बुडतो आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सोमवारचं वेळापत्रक चालतं. त्यामुळे विषय भागाकाराने नव्हे, कॅलेंडर समोर ठेवून बसवायचे. आपल्याकडे हेच काम उलटं करावं लागतं. इथल्या सिलॅबसमध्ये आठवडे नसतातच, युनिटं आणि तासिका असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास. चार क्रेडिटच्या विषयाला आठवड्यात चार तासिका धरल्या, तर बारा तासांचं युनिट तीन आठवडे चालणार, हे विद्यार्थ्यालाच काढावं लागतं. गणपती, दिवाळी वजा करून.

व्याख्यानांची यादी नीट वाचली की 13, 24ब आणि 32 ही तिन्ही परीक्षेआधीच्या उजळणीची आहेत, हे दिसतं. हेच सांधे. पहिल्या बारा तासांत समीकरणांच्या भूमितीपासून चार मूलभूत उपस्पेसपर्यंतचा आणि पुढे नेटवर्कपर्यंतचा भाग, मग ऑर्थोगोनॅलिटी, डिटर्मिनंट आणि आयगेनव्हॅल्यू, त्यानंतर सिमेट्रिक मॅट्रिक्स, एसव्हीडी आणि लिनियर ट्रान्सफॉर्मेशन. सारांश लिहिणाऱ्याने चौतीस ओळी उतरवण्याऐवजी असे तीन मोठे गट आणि त्यांच्या पोटात आठवडे, अशी मांडणी केली, तर मुलाला परीक्षेच्या हिशेबाने वाचता येतं.

खरी गंमत वाचनात आहे. पुस्तक एकच: स्ट्रँग यांचं ‘इंट्रोडक्शन टू लिनियर अल्जिब्रा’, चौथी आवृत्ती. एकच पुस्तक म्हणजे प्रश्नच मिटला, असं वाटतं. मिटत नाही. बारावं व्याख्यान ग्राफ आणि नेटवर्कवर आहे आणि त्याचं वाचन आहे 8.2. विद्यार्थी अजून तिसऱ्या प्रकरणात आणि वाचायला आठवं! सारांशात ‘प्रकरण 1 ते 8 क्रमाने वाचा’ असं लिहिलं, तर तो भाग नको तेव्हा वाचला जाईल. म्हणून वाचन आठवड्याच्या ओळीतच लिहावं, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेनुसार नव्हे.

दुसरा सापळा आवृत्तीचा. नव्या मुलाच्या हाती बहुधा पाचवी किंवा सहावी आवृत्ती येते. चार उपस्पेसांचा भाग चौथ्या आवृत्तीत 3.6 आहे. पाचवीत तिसरं प्रकरण 3.5 लाच संपतं आणि तोच भाग तिथे 3.5 मध्ये सापडतो. एसव्हीडी चौथ्यात 6.7, तर पाचवीत त्याला अख्खं सातवं प्रकरण. नेटवर्कचा 8.2 पाचवीत 10.1 झाला आहे. क्रमांकासोबत विभागाचं नाव लिहिलं, की मूल कुठलीही आवृत्ती घेऊन बसलं तरी ते पान सापडतं. लायब्ररीतून जुनी प्रत आणणाऱ्यांचंही त्यात भलं होतं. आपल्या विद्यापीठांच्या सिलॅबसखाली टेक्स्टबुक आणि रेफरन्स बुक अशा दोन याद्या असतात. पहिली आठवड्यांना जोडावी, दुसरी खुशाल शेवटी एका ओळीत ठेवावी.

तर चौथ्या आठवड्याची ओळ साधारण अशी होते:

आठवडा 4. चार मूलभूत उपस्पेस, मॅट्रिक्स स्पेस, ग्राफ आणि नेटवर्क. वाचन (चौथी आवृत्ती): 3.6 ‘चार उपस्पेसांच्या मिती’, 8.2 ‘ग्राफ आणि नेटवर्क’. गृहपाठ: दीड टक्का. पुढच्या तासाला उजळणी, त्यानंतर पहिली परीक्षा, 15 टक्के. यातलं सगळं अंतिम परीक्षेलाही.

नियमांमधून सारांशात काय घ्यावं? जे मोडलं तर गुण जातात तेवढंच. गृहपाठाबद्दल मित्रांशी चर्चा चालते, पण उत्तर स्वतःचं स्वतः लिहायचं. परीक्षेत कॅल्क्युलेटर आणि टिपणं चालत नाहीत. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा, इमारतीचं नाव, कोर्सचं स्वागतपर वर्णन मूळ कागदावर आहेच. पानाच्या वरच्या कोपऱ्यात मात्र दोन गोष्टी हव्यात: सिलॅबस कोणत्या सत्राचा आणि सारांश कोणत्या तारखेला केला. परीक्षेची तारीख वर्गात बदलली जाते, तेव्हा मागच्या वर्षीच्या सीनियरने दिलेलं पान आणि यंदाची सूचना यांत कुणाचं खरं धरायचं, हे त्या दोन नोंदींवरून लगेच ठरवता येतं.