तापीचा गाळ, सागाची कडी, हिमालयातला बर्फ : जुन्या पावसाची साक्ष कोण देतं?

सुरत : ऑगस्ट 2006 चा तापीचा पूर लिंबायत-उधन्यातली खान्देशी माणसं विसरलेली नाहीत. पण असा पूर पाचशे वर्षांपूर्वीही आला होता का? पाऊस कधी सलग दडी मारून बसला होता का? मोजणीच्या नोंदी फार मागे जात नाहीत. त्याआधीचं सांगायला तीन साक्षीदार आहेत, आणि तिघांचं काम वेगळं आहे.

पहिला साक्षीदार गाळ. महापुरात नदीचं पाणी उपनाल्याच्या तोंडात शिरतं आणि तिथं संथ होतं. मग वाळू-रेती खाली बसते. एका पुराचा एक थर. थर जितका उंच सापडतो, पाणी निदान तितकं चढलं होतं. पुण्याचे विश्वास काळे आणि सहकाऱ्यांनी तापी-नर्मदेच्या खडकाळ घळींत असेच थर तपासले. थरातल्या कोळशावरून वय काढतात, पण त्यात काही दशकांची चूक राहते. शिवाय पुढचा मोठा पूर जुना थर धुऊनही नेतो.

दुसरा साक्षीदार साग. पावसाळी जंगलात साग वर्षाला एक कडी धरतो आणि कोरड्या वर्षी ती बारीक पडते. कधी एका वर्षात दोन कड्या दिसतात, म्हणून एका झाडावर भरवसा ठेवत नाहीत. अनेक झाडांच्या जाड-बारीक कड्यांचा क्रम जुळवून मगच साल ठरवतात. केरळातल्या सागाची अशी नोंद 1481 पर्यंत मागे जाते.

तिसरा साक्षीदार बर्फ. तिबेटच्या दासुओपू हिमनदीत 1997 मध्ये सात हजार मीटरहून अधिक उंचीवर छिद्र पाडून बर्फाचे नमुने काढले. मान्सून कमजोर झाला की कोरड्या जमिनीची धूळ उडते आणि त्या वर्षीच्या बर्फात अडकते.

आता ताळा पाहू. महाराष्ट्रात 1791-92 च्या सुमाराचा दुष्काळ 'कवटीचा दुष्काळ' म्हणून ओळखला जातो. दासुओपूच्या बर्फात 1790 ते 1796 या काळात धूळ आणि क्लोराइड एकदम वाढलेलं दिसतं. आशियातल्या तीनशेहून अधिक ठिकाणच्या कड्यांवरून 2010 मध्ये तयार झालेल्या दुष्काळाच्या नकाशांतही जवळपास हीच वर्षं कोरडी निघाली. एक नोंद धुळीची, दुसरी झाडाची. दोन वेगळ्या वह्यांतली रक्कम जुळली, म्हणून दुष्काळ पक्का.

गाळाला मात्र हे विचारून उपयोग नाही. दुष्काळ थर सोडत नाही, आणि दशकांची चूक असताना 1781 आणि 1791 वेगळे करता येत नाहीत. उलट 2006 सारखा पूर दोन-चार दिवसांचा असतो. सागाची कडी अख्ख्या वर्षाची बेरीज धरते, बर्फ तर दूर हिमालयात. त्यामुळे तापीचं पाणी कुठवर चढलं, याचं उत्तर फक्त तापीच्या काठचा गाळच देतो.