मंडळाच्या वेबसाइटचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही? आधी हे करा

शनिवार पेठेतल्या एखाद्या मंडळाची वेबसाइट आहे, पण डोमेन कुणी घेतलं हेच कुणाला आठवत नाही. मग काय करायचं?

पत्ता .org असेल तर lookup.icann.org वर तो टाका. मालकाचं नाव बहुतेकदा लपवलेलं असतं. पण रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवणारी कंपनी, आणि मुदतीची तारीख दिसते.

आता जुन्या पदाधिकाऱ्यांना आपापल्या ईमेलमध्ये त्या कंपनीचं नाव शोधायला सांगा. नूतनीकरणाची आठवण ज्याला येते, खातं बहुधा त्याचंच. त्याच ईमेलवरून पासवर्ड बदलता येतो.

ईमेलच बंद असेल, तर मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र घेऊन रजिस्ट्रारकडे अर्ज करा. मात्र डोमेन एखाद्या कार्यकर्त्याच्या नावावर असेल, तर त्याची संमती लागते.

मुदत संपून डोमेन रद्द झालं, तरी ३० दिवस जुन्या मालकाला जादा पैसे भरून ते सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणीही घेऊ शकतं.