मुलांची सायकल: आधी पायाचे माप, मग कंपनी

मुलांची सायकल दुकानात चाकाच्या इंचावर विकली जाते: सोळाची, वीसची, चोवीसची. हा आकडा चाकाचा असतो, फ्रेमचा नाही. क्रँकच्या धुरीपासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे फ्रेमचे माप. त्यामुळे दोन कंपन्यांच्या चोवीस इंची सायकलींत फरक पडतो. एकीवर मुलाचे पाय टेकतात, दुसरीवर टेकत नाहीत.

वयापेक्षा पायाची आतली उंची जास्त विश्वासाची. मुलाला अनवाणी भिंतीला टेकून उभे करावे, मांड्यांमध्ये पुस्तक धरून ते वर दाबावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे.

समजा, नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतील नऊ वर्षांच्या मुलीची उंची १३० सेंटिमीटर आहे आणि हे अंतर ६० भरले. घरचे म्हणतात, चोवीसचीच घ्या, पुढे होईलच. पण चोवीसच्या बऱ्याच सायकलींची सीट अगदी खाली घेतली तरी ७० सेंटिमीटरच्या आसपास राहते. मुलीच्या पायाच्या बोटांचे जेमतेम टोक टेकेल आणि ब्रेक दाबल्यावर सायकल कलंडेल. वीसची सीट ६५ वर ठेवली, तर नुकती शिकलेली मुलगी तोल सावरून चालवते. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढते, त्यातील निम्मी साधारण पायांची. म्हणजे सीट वर करत वीसची सायकल दोनेक वर्षे पुरते. सीटच्या दांड्यावरची मर्यादेची खूण नळीबाहेर दिसू लागली, की सायकल बदलायची वेळ झाली. खूण ओलांडून दांडा वर ओढणे धोक्याचे. तो वाकतो किंवा मोडतो.

कंपन्यांत लुधियानाच्या हिरो आणि एव्हॉन, तसेच चेन्नईच्या टीआय सायकल्सच्या बीएसए आणि हर्क्युलिस ही नावे जुनी आहेत. फायरफॉक्स २०१५पासून हिरोकडेच आहे. नावापेक्षा वजन पाहावे. लोखंडी फ्रेम, पुढे-मागे शॉकअप आणि जाड टायर असलेली सायकल सोळा-सतरा किलो भरते. पंचवीस किलोच्या मुलीला ती चढावर ढकलवत नाही. वसाहतीच्या डांबरी रस्त्यांना शॉकअपची गरजही नाही. ब्रेकची मूठ मात्र तिच्या बोटांत यायलाच हवी.

गावातले दुकान की नागपूरचे, हा प्रश्न सुट्या भागांवर ठरतो. सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. चाकाचे आरे, हँडल आणि ब्रेक दुकानातला मिस्त्रीच नीट बसवतो. पहिल्या महिन्यात आरे सैल होतात, तेव्हा तो जवळ असलेला बरा. गिअरच्या सायकलीसाठी मात्र नागपूरला जावे लागू शकते. टायरवरचा पूर्ण आकडा लिहून ठेवावा: २४ × १.७५चा टायर २४ × १ ३/८च्या रिंगवर बसत नाही, दोन्ही चोवीसचेच असले तरी. १ ३/८च्या मापाचा टायर जवळच्या दुकानात मिळतो का, हे सायकल घेण्याआधीच विचारावे.