एक शब्द, एकच जागा

प्राथमिक शाळेच्या स्वाध्यायात आणि घटक चाचणीत हमखास भेटणारा एक प्रश्न असतो: चौकटीतील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा, प्रत्येक शब्द एकदाच वापरा. पालकांना तो गुणांची सोय वाटतो आणि मुलांना पेपरातला सोपा भाग. पण त्या सूचनेतले ‘एकदाच’ हे बंधन सगळी वाक्ये एकमेकांना बांधून टाकते. पहिल्या वाक्यात काय लिहिले, त्यावर तिसऱ्या वाक्याचे उत्तर अवलंबून राहते. ही बांधणी कशी चालते, हे पाहण्यासाठी एक छोटा नमुना पुरेसा आहे.

चौकट: नदी, विहीर, ओढा, झरा, तळे, धरण

१. उन्हाळ्यात गावची ______ आटली.
२. पाण्याच्या सोयीसाठी सरकारने मोठे ______ बांधले.
३. परसात खणलेली ______ चाळीस फूट खोल आहे.
४. रस्त्यात आडवा येणारा ______ ओलांडून मुले शाळेत जातात.
५. कपारीतून पाझरणारा ______ बारा महिने वाहतो.
६. देवळामागचे ______ कमळांनी झाकले आहे.

सवयीने पहिल्या वाक्यापासून सुरुवात करणारी मुलगी ‘गावची विहीर आटली’ असे लिहील. वाक्य निर्दोष आहे. उन्हाळ्यात विहिरी आटतातच. अडचण तिसऱ्या वाक्याशी उभी राहते. परसात खणलेली, चाळीस फूट खोल अशी गोष्ट विहीरच असू शकते आणि विहीर तर वापरून झाली. उरलेल्या शब्दांपैकी स्त्रीलिंगी शब्द एकच, नदी. परसात कोणी नदी खणत नाही, पण जागा मोकळी सोडायची नाही म्हणून मुलगी तीच लिहिते. मुलीची निवड एकाच ठिकाणी चुकली आणि गुण दोन गेले.

दुसऱ्या वाक्यात तळे लिहिले तर सहाव्याची तीच गत होते, चौथ्यात झरा लिहिला तर पाचव्याची. एक, दोन आणि चार या जागा दोन-दोन शब्द घेतात. तीन, पाच आणि सहा या जागा एकेकच शब्द घेतात. म्हणून उत्तर क्रमाने शोधायचे नसते. आधी सगळी वाक्ये वाचायची, ज्या जागेत एकच शब्द बसतो ती पकडायची, तो शब्द चौकटीत पेन्सिलीने खोडायचा आणि मग उरलेल्या जागांकडे वळायचे. विहीर तिसऱ्या जागी गेली की पहिल्या जागेला नदीशिवाय पर्यायच राहत नाही. झरा पाचव्यात गेला की चौथ्यात ओढा, तळे सहाव्यात गेले की दुसऱ्यात धरण.

अशी एकाच शब्दाची जागा प्रत्येक प्रश्नात सापडेल का? प्रश्नाला खरोखर एकच उत्तर असेल, तर सापडलीच पाहिजे. हे गणिताने सिद्ध होते आणि त्यासाठी आकडेमोड लागत नाही. समजा, प्रत्येक जागेत निदान दोन शब्द बसतात. कोणत्याही एका जागेपासून निघावे. तिथे बरोबर उत्तराखेरीज आणखी एक शब्द बसतो. त्या शब्दाची खरी जागा दुसरीकडे आहे. त्या जागेवर जावे. तिथेही एक जादा शब्द बसतो, त्याची खरी जागा तिसरीकडे. जागा मोजक्याच असल्यामुळे हा प्रवास कधी ना कधी आधी पाहिलेल्या जागेवर परत येतो आणि साखळीचे कडे पूर्ण होते. आता त्या कड्यातले शब्द एकेक घर पुढे सरकवले, तर नियम न मोडता दुसरे पूर्ण उत्तर तयार होते. म्हणजे एकही घट्ट जागा नसलेल्या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे असतात आणि तो प्रश्नच सदोष ठरतो.

वरच्या नमुन्यात असा दोष आणणे फार सोपे आहे. तिसरे वाक्य बदलून ‘गावाबाहेरची ______ यंदा लवकर कोरडी पडली’ असे केले, की नदी आणि विहीर दोन्ही जागी चालतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या हातातल्या नमुना उत्तरात मात्र एकच जोडी लिहिलेली असते. मग बरोबर लिहिणाऱ्या निम्म्या मुलांचे दोन-दोन गुण कापले जातात.

या प्रश्नात मराठी व्याकरण किती काम करते, तेही इथे मोजता येते. सहा शब्द सहा जागांत एकूण ७२० प्रकारे बसवता येतात. पण ‘गावची’ आणि ‘खणलेली’ स्त्रीलिंगी शब्द मागतात, ‘येणारा’ आणि ‘पाझरणारा’ पुल्लिंगी, तर ‘मोठे’ आणि ‘देवळामागचे’ नपुंसकलिंगी. प्रत्येक लिंगाचे दोन शब्द आणि दोन जागा. प्रत्येक जोडी दोनच प्रकारे बसते, म्हणून ७२० पैकी उरतात फक्त ८. विहीर म्हणजे काय, झरा म्हणजे काय हे मुळीच माहीत नसलेले, पण शब्दांचे लिंग ओळखणारे मूल प्रत्येक जोडीत नाणेफेक करूनही सरासरी सहापैकी तीन गुण मिळवेल. शिक्षकाला पाण्याच्या स्रोतांची ओळख तपासायची होती. तपासले गेले ते लिंगवचन.

हे टाळायचे तर वाक्यातून लिंग लपवावे लागते. ‘घरापासून ______ लांब आहे’ या वाक्यात ‘लांब’ आणि ‘आहे’ लिंगानुसार बदलत नाहीत, त्यामुळे सहाही शब्द व्याकरणाने बसतात आणि निवड अर्थावर येते. अर्थात या वाक्यात अर्थाचा दुसरा काही दुवा नाही, तो घालावा लागेल. विभक्तीचा मामला आणखी नाजूक आहे. ‘______च्या काठावर’ असे वाक्य लिहून चौकटीत ‘तळ्या’ हे सामान्यरूप छापले, तर उत्तर उघडेच पडते. चौकटीत ‘तळे’ छापले, तर शब्दाचे योग्य रूप करून लिहा असे स्पष्ट सांगावे लागते. नाहीतर एखादे मूल ‘तळेच्या काठावर’ लिहिते आणि त्याने शब्द बरोबर निवडला की नाही, यावर वाद होतो.

व्याकरण आणि अर्थ दोन्ही सोडून निव्वळ अंदाजाने शब्द टाकणाऱ्याचे काय होते? प्रत्येक जागी योग्य शब्द पडण्याची शक्यता एक षष्ठांश आणि जागा सहा. सरासरी एक गुण. दहा शब्द आणि दहा जागा असल्या तरी एक दशांश गुणिले दहा, पुन्हा एकच. पत्त्यांच्या जुळणीच्या रूपात या कोड्याचा विचार फ्रेंच गणिती पिएर रेमों द मोंमोर याने १७०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला होता. त्याच गणितातून आणखी एक मजेशीर गोष्ट निघते. शब्द आणि जागा समान असतील आणि सगळ्या जागा भरल्या असतील, तर सहापैकी पाच गुण कोणालाही मिळू शकत नाहीत. पाच शब्द योग्य जागी गेले की सहावा आपोआप योग्य जागीच जातो.

म्हणजेच शेवटच्या जागेचा गुण फुकट मिळतो. त्यावर उपाय म्हणजे चौकटीत जागांपेक्षा जास्त शब्द देणे. आपल्या नमुन्यात बारव, नाला आणि डबके असे प्रत्येक लिंगाचे एकेक नाव वाढवले, तर केवळ लिंग पाहून अंदाज करणाऱ्याची सरासरी तीनवरून दोनवर येते. मात्र वाक्येही सावधपणे घट्ट करावी लागतात. पहिल्या जागेत ‘गावची बारव आटली’ बिनदिक्कत चालेल, चौथ्यात ‘आडवा येणारा नाला’ ओढ्याइतकाच शोभेल. जादा शब्द जिथे बसतो, तिथे दुसरे उत्तर आलेच.

चीनमध्ये इंग्रजी हा मुख्य विषय नसलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी सीईटी-४ नावाची राष्ट्रीय इंग्रजी परीक्षा होते. तिथे एका उताऱ्यात दहा जागा आणि चौकटीत पंधरा शब्द असतात. कोणताही शब्द दुसऱ्यांदा वापरायचा नाही. शब्द मुद्दाम वेगवेगळ्या जातींचे असतात, म्हणून तिथले विद्यार्थी आधी नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण अशी वाटणी करतात आणि मग अर्थाकडे वळतात. अंदाजाने मिळणारी सरासरी इथे एका गुणाच्याही खाली, दोन तृतीयांशावर जाते. परदेशी शिक्षणासाठी मराठी मुले देतात त्या आयईएल्‌टीएस परीक्षेतही उताऱ्याचा सारांश दिलेल्या यादीतल्या शब्दांनी पूर्ण करण्याचा प्रकार असतो.

रिकाम्या जागांची कल्पना या चौकटीहून जुनी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८९७ मध्ये ब्रेस्लाऊच्या, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या, शाळकरी मुलांवर गाळलेल्या अक्षरांच्या उताऱ्यांची चाचणी मांडली. अमेरिकेत विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये ठरावीक अंतराने शब्द गाळून एखादा मजकूर वाचायला किती सोपा, हे मोजण्याची पद्धत सुचवली. या चाचण्यांत चौकट नव्हती. शब्द वाचणाऱ्याने मनाने भरायचा. मग ‘ओढा’च्या जागी कोणी ‘ओहोळ’ लिहिले तर गुण द्यायचे का, हा प्रश्न येतो. चौकट दिली की तो वाद मिटतो आणि शंभर पेपर पटापट तपासून होतात.

सोडवणाऱ्याच्या हाती शेवटी एखादा न शोभणारा शब्द उरला, तर चूक बहुधा शेवटच्या जागेत नसते. आपल्या मुलीच्या हाती नदी उरली होती. तेव्हा विचारायचे, नदी कुठे कुठे बसू शकते? पहिल्या जागेत. तिथला शब्द कोणता? विहीर. ती उठवली तर कुठे जाईल? तिसऱ्यात, तीच मोकळी आहे. दोन शब्द हलले आणि गाठ सुटली. कधी अशी साखळी तीन-चार जागा फिरते, पण पद्धत हीच.

प्रश्न काढणाऱ्यासाठी तपासणी याहून साधी आहे. पेपर छापण्यापूर्वी प्रत्येक जागेपुढे तिथे चालू शकणारे सगळे शब्द लिहावेत आणि एखाद्या सहकाऱ्याला पूर्ण प्रश्नाचे दुसरे उत्तर शोधायला सांगावे. ते सापडले तर वाक्य बदलावे. पेपर आधीच मुलांच्या हाती गेला असेल, तर दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावेत.