गुरुजी, सहा चाळीसने पुन्हा एकदा पाहा

माझ्या भाचीचा साखरपुडा १२ फेब्रुवारीला झाला. घरात आनंद होता, पण त्यानंतर महिन्याभराने तिच्या आईने, म्हणजे माझ्या आतेबहिणीने, ज्योतिषांना पत्र लिहायला घेतलं. ‘आता कशाला? झालं ना सगळं चांगलं?’ असं घरातले म्हणाले. ताई म्हणाली, ‘चांगलं झालं ते झालंच. पण त्यांनी सांगितलं होतं ते झालं नाही, आणि त्या सांगण्यावर आम्ही जूनमध्ये एका चांगल्या स्थळाला थांबवलं. ते कुठे चुकलं, एवढं मला त्यांच्याकडून समजून घ्यायचं आहे.’

ते पत्र लिहिताना मी तिच्या शेजारी बसलो होतो. पंचांग आणि दशा मी काही वर्षं शिकलो आहे, म्हणून गणिताची बाजू तिने माझ्यावर टाकली. भाकित चुकल्यावर जातक एक तर भांडतो किंवा गुपचूप दुसऱ्या ज्योतिषाकडे जातो. ताईने तिसरी वाट धरली आणि फेरतपासणी मागितली. ती वाट नीट चालायची तर काय काय करावं लागतं, हे मला त्या आठ-दहा दिवसांत कळलं.

पहिली अडचण अगदी साधी होती. गुरुजी नेमकं काय म्हणाले होते? ताईच्या आठवणीत ‘दिवाळीच्या आत लग्न’ होतं, भावोजींच्या आठवणीत ‘दिवाळीच्या आत ठरेल’ आणि मुलीच्या आठवणीत ‘योग आहे’. तिन्ही विधानं वेगवेगळी आहेत. नशिबाने पत्रिकेच्या मागच्या पानावर गुरुजींच्याच अक्षरात एक ओळ सापडली : चंद्र महादशा, शुक्र अंतर्दशा, १५ नोव्हेंबरपर्यंत, विवाह निश्चित. आम्ही पत्रात तेवढी ओळच जशीच्या तशी उतरवली, आठवणीतलं काहीही घेतलं नाही.

आता ही तारीख कुठून येते ते थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. विंशोत्तरी पद्धतीत आयुष्याची १२० वर्षं नऊ ग्रहांत वाटलेली आहेत. जन्माच्या क्षणी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्या नक्षत्राच्या स्वामीची दशा पहिली. नक्षत्र ८०० कलांचं असतं, आणि चंद्राने त्यातला जेवढा भाग ओलांडला असेल तेवढी दशा जन्माआधीच सरली असं धरतात. भाचीचा चंद्र पूर्वा फाल्गुनीत आहे, त्याचा स्वामी शुक्र, त्याची दशा २० वर्षांची. म्हणजे ८०० कलांना सुमारे ७,३०० दिवस, एका कलेला साधारण नऊ दिवस. चंद्र तासाला सरासरी ३३ कला चालतो. तेव्हा जन्मवेळ दहा मिनिटांनी हलली की चंद्र साडेपाच कला हलतो आणि आयुष्यातली प्रत्येक दशा सुमारे पन्नास दिवसांनी सरकते. ज्योतिषी ‘१५ नोव्हेंबर’ असं ठामपणे लिहितो तेव्हा त्यामागे मिनिटामिनिटाचं हे गणित असतं.

आणि मिनिटं बरोबर नव्हती. डिसेंबरमध्ये ताईने फोन केला तेव्हा गुरुजी म्हणाले होते, ‘जन्मवेळ चुकीची दिली असेल.’ साखरपुड्यानंतर म्हणाले, ‘बघा, शुक्रानेच दिलं. वेळ थोडी मागे-पुढे असणार.’ ताईने ते मनावर घेतलं आणि जुन्या ट्रंकेतून प्रसूतिगृहाचा कागद शोधून काढला. गुरुजींना वेळ सांगितली होती सकाळची साडेसहा, ती आजीच्या वहीतली. कागदावर होती सहा चाळीस. जन्मवेळ खरोखरच चुकीची होती. गुरुजींचं म्हणणं बरोबर निघालं असं वाटून ताईचा चेहरा पडला.

मी म्हटलं, थांब, चूक कोणत्या दिशेला आहे ते बघू. वेळ दहा मिनिटं पुढे गेली की चंद्र पुढे जातो, जन्मापूर्वी सरलेली दशा वाढते, आणि सगळ्या तारखा अलीकडे येतात. शुक्राची अंतर्दशा मग १५ नोव्हेंबरला नव्हे, २६ सप्टेंबरच्या सुमारास संपते. म्हणजे दुरुस्त वेळेने भाकित वाचत नाही, उलट आणखी लवकर चुकतं. १२ फेब्रुवारीचा साखरपुडा शुक्रात बसवायचा तर तारखा तीन महिने पुढे ढकलायला हव्यात, त्यासाठी जन्म साडेसहाच्याही अठरा मिनिटं आधी, सहा बाराला झालेला असायला हवा. कागद सांगतो सहा चाळीस.

ज्योतिषात याला जन्मवेळ शुद्धी म्हणतात, आणि पद्धत म्हणून ती अगदी मान्य आहे. आयुष्यातल्या घडून गेलेल्या घटना घ्यायच्या आणि त्या जुळतील अशी वेळ शोधायची. पण जी घटना हुकली तीच जुळवण्यासाठी वेळ हलवली, तर भाकित चुकणं शक्यच उरत नाही. यातून बाहेर पडायचा मार्ग एकच आहे : नवी वेळ धरायची असेल तर तिने आधीचं सगळं पुन्हा तपासायचं. सहा बारा आणि सहा चाळीस यांत २८ मिनिटं आहेत. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश पुढे सरकतं, म्हणजे सात अंशांचा फरक. नवमांश सव्वातीन अंशांपेक्षा किंचित मोठा असतो, तेव्हा नवमांशाचं लग्न दोनदा बदलतं. आणि विवाहासाठी गुरुजींनी नवमांशच पाहिला होता, त्यावरूनच ‘सासर जवळचं, मुलगा सरकारी नोकरीतला’ असं सांगितलं होतं. वेळ बदलली तर तेही मागे घ्यावं लागतं.

पंचांगाचा प्रश्नही होता. आपल्याकडे लाहिरी अयनांश बहुतेक जण वापरतात. कृष्णमूर्ती पद्धतीचा अयनांश त्याहून सुमारे सहा कलांनी कमी असतो, म्हणजे भाचीच्या बाबतीत पुन्हा साधारण पंचावन्न दिवस अलीकडे. टिळक पंचांगाचा अयनांश तर लाहिरीहून जवळजवळ चार अंशांनी वेगळा, आणि चार अंश म्हणजे शुक्राच्या दशेत सहा वर्षं. यातला कोणता बरोबर यावर जाणत्यांची भांडणं शंभर वर्षं चालू आहेत, त्यात आम्हाला पडायचं नव्हतं. भाकित सांगताना जो वापरला तोच तपासताना वापरा, एवढंच ताईने लिहिलं.

पत्र तिने जुन्या रीतीने सुरू केलं.

‘आदरणीय गुरुजींस, सा. न. वि. वि. आपण आमच्या घरचे गेली अकरा वर्षं मार्गदर्शक आहात, म्हणून हे मोकळेपणाने लिहिते. दक्षिणा परत मागण्यासाठी हे पत्र नाही. आपण लिहून दिलेली ओळ खाली उतरवली आहे. जन्मवेळ आमच्याकडून दहा मिनिटं चुकीची दिली गेली, ही चूक आमची. प्रसूतिगृहाच्या कागदाची प्रत सोबत आहे. कृपया सहा चाळीसने, त्याच अयनांशाने, पुन्हा एकदा पाहावे.’

‘ही चूक आमची’ हे वाक्य काढून टाक, असं भावोजी म्हणत होते. ताईने काढलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. न्याय मागणाऱ्याने आपल्या बाजूचंही लिहायला हवं. तिने आणखी एक गोष्ट लिहिली. दोन वर्षांपूर्वी गुरुजींनी मुलीची नोकरी बदलेल असं सांगितलं होतं आणि ती बदलली होती. ते भाकित खरं ठरलं म्हणून आम्ही किती जणांना सांगितलं होतं! पण त्या दिवशी मुलीने बोलता बोलता ‘दोन मुलाखती दिल्यात’ असं गुरुजींना आधीच सांगितलं होतं. ते ऐकून कोणीही तेच म्हटलं असतं. तसंच लग्नाचंही. २६ वर्षांची मुलगी, घरचे स्थळं शोधताहेत, आणि मुदत २० महिन्यांची. एवढ्या काळात लग्न ठरण्याची शक्यता पत्रिका न पाहताही बरीच असते. म्हणून अशी भाकितं किती बरोबर आली हे एका घरावरून कळत नाही.

कशावरून कळतं, याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या अशा २०० पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली, नाणं उडवून येते जवळपास तेवढी. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० तपासल्या, त्यांच्या १०२ बरोबर आल्या. त्या चाचणीत मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट ही की बरोबर कशाला म्हणायचं आणि चूक कशाला, हे पत्रिका पाठवण्याआधीच ठरलेलं होतं. उत्तर आल्यावर कोणालाही ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ असं म्हणायला जागा नव्हती.

ताईने त्याच धर्तीवर शेवटी तीन प्रश्न विचारले. ‘विवाह निश्चित’ म्हणजे आपल्या मते बोलणी, साखरपुडा की लग्न? वेळ बदलून भाकित जुळत असेल तर नोकरीचं आणि सासरचं भाकित नव्या वेळेने जुळतं का? आणि गेल्या वर्षात आपण तारीख लिहून दिलेली विवाहाची भाकितं किती, त्यातली किती त्या तारखेच्या आत खरी झाली?

उत्तर तीन आठवड्यांनी आलं, पोस्टाने, हाताने लिहिलेलं. मला त्याचं खरंच कौतुक वाटलं, कारण उत्तर न देणं सोपं होतं. निश्चित म्हणजे साखरपुडा, असं त्यांनी लिहिलं. सहा चाळीसने गणित त्यांनी स्वतः पुन्हा मांडलं होतं, शुक्र सप्टेंबरअखेर संपतो हे मान्य केलं होतं, आणि खाली लिहिलं होतं : ‘माझे हे भाकित चुकले.’ जूनमध्ये ‘घाई नको’ असा सल्ला दिला त्याबद्दल वाईट वाटतं, असंही होतं. मुलीला आशीर्वाद होते.

तिसऱ्या प्रश्नाचा उल्लेख नव्हता. ताईने पत्र दोनदा वाचलं, पत्रिकेच्या त्याच पानाला टाचणीने लावलं आणि संध्याकाळी आंतरदेशीय पत्र घेऊन पुन्हा बसली. आभार मानले, लग्नाचं आमंत्रण दिलं आणि खाली तो एक प्रश्न पुन्हा लिहिला. त्याला जोडून एक ओळ : नोंद ठेवलेली नसेल तर या वर्षापासून ठेवाल का? पहिली नोंद आमच्या मुलीची करावी.