बिडाचा तवा: एका स्लाइडवर एकच नियम

बिडाच्या तव्याच्या तक्रारी ठरलेल्या असतात. तवा गंजला, घावन सुटत नाही, तवा हाताला चिकट लागतो, गॅसवरून उतरवून नळाखाली धरला तर तडा गेला. म्हणून असे तवे विकणारे आता सोशल मीडियावर निगेच्या सूचनांचं कॅरोसेल टाकतात, म्हणजे बोटाने एकेक सरकवत वाचायच्या चित्रांची मालिका. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये 20 चित्रं बसतात, पण तव्याला पाच-सहा पुरतात. मात्र प्रत्येक स्लाइड एकटी वाचली तरी समजली पाहिजे. बहीण बहिणीला पाठवते तो एका स्लाइडचा स्क्रीनशॉट असतो, आणि त्यावर ‘आधी सांगितल्याप्रमाणे’ असं लिहिलेलं असेल तर तिच्या हाती काहीच लागत नाही.

‘तवा कोरडा ठेवा’ ही सूचना जवळजवळ प्रत्येक कॅरोसेलमध्ये असते आणि तरीही तवे गंजतात. तवा फडक्याने पुसला की बाई तो कोरडा समजते. पण बिडाचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि त्याच्या बारीक खळग्यांत पाणी उरतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर एका रात्रीत तांबूस ठिपके दिसतात. तेव्हा स्लाइडवर असं लिहावं: ‘धुतल्यावर पुसा, मग मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा. ओलाव्याचे डाग दिसेनासे झाले की गॅस बंद करा.’ यात काय करायचं, किती वेळ करायचं आणि झालं हे कशावरून ओळखायचं, तिन्ही आलं. निगेच्या कोणत्याही नियमाला मी हीच कसोटी लावते.

सगळ्यात जास्त चूक होते ती तेलाच्या स्लाइडवर. ‘तेल लावून तापवा’ एवढंच वाचून लोक तव्यावर चमचाभर तेल ओततात. तेलाचा अगदी पातळ थर भरपूर तापला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि लोखंडाला धरून बसणारा काळा, कडक थर तयार होतो. घावन सुटतं ते या थरामुळे. थर जाड असला तर तो नीट कडक होत नाही, अर्धवट राहतो, आणि तवा डिंक लावल्यासारखा चिकट होतो. म्हणून दहा इंची तव्याला अर्धा छोटा चमचा तेल पुरे. ते दोन्ही बाजूंना आणि मुठीलाही चोळायचं आणि मग कोरड्या सुती फडक्याने असं पुसायचं की तेल लावलंच नाही असं वाटावं. मध्यम आचेवर धूर निघेपर्यंत तापवायचं, खिडकी उघडी ठेवून धूर ओसरू द्यायचा आणि तवा गॅसवरच निवू द्यायचा. नवा तवा असेल तर हे तीन-चार वेळा करायचं. निवलेल्या तव्यावर बोट फिरवल्यावर ते चिकटलं, तर तेल जास्त झालं होतं. तसं झालं तर नवं तेल न लावता तवा पुन्हा तापवायचा.

एवढा मजकूर एका स्लाइडवर मावत नाही. त्यातलं ‘अर्धा छोटा चमचा, मग पूर्ण पुसा’ एवढंच मोठ्या अक्षरात घ्यावं, शेजारी पुसलेल्या तव्याचा जवळून काढलेला फोटो द्यावा आणि कारण पोस्टखालच्या मजकुरात लिहावं. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफार-अनुस्वारांना भिडतात, तेव्हा ओळींमध्ये मोकळी जागा ठेवावी, नाहीतर फोनवर वाचता येत नाही.

साबणाची स्लाइड बहुतेक ठिकाणी निम्मी खोटी असते. ‘साबण कधीही नको’ असं लिहितात, पण पक्का झालेला थर भांड्यांच्या सौम्य साबणाने निघत नाही. तो निघतो तारेच्या घासणीने, रात्रभर पाण्यात भिजत ठेवल्याने आणि आंबटाने. टोमॅटो, चिंच, आमसूल घातलेलं सार तव्यात किंवा कढईत उकळत ठेवलं की थर विरतो, पदार्थ काळवंडतो आणि धातूची चव येते. वरून लिंबू पिळलं तर काही बिघडत नाही, फरक आंबट किती वेळ शिजतं त्यात आहे. स्लाइडवर ‘आंबट पदार्थ स्टीलच्या भांड्यात उकळा’ असं लिहिलं की पुरे.

तड्याची स्लाइड छोटी आणि पहिली ठेवावी, कारण बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही. बिडात कार्बन 2 टक्क्यांहून जास्त असतो, त्यामुळे ते कडक पण ठिसूळ असतं, आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी पडलं की ते आकसताना तडकतं. ‘हात लावता येईल इतका निवल्यावरच धुवा.’

शेवटची स्लाइड गंजाची. गंजला म्हणून तवा भंगारात देऊ नये. तारेच्या घासणीने राखाडी धातू दिसेपर्यंत घासायचा, धुऊन लगेच आचेवर वाळवायचा आणि तेलाचे हात पहिल्यापासून द्यायचे. तारेची घासणी चालते ती याच एका वेळी, आणि तसं त्याच स्लाइडवर लिहावं.