रॅडलरचा हिशेब

म्युनिकच्या दक्षिणेला डायझेनहोफेन गावी 'कुग्लर आल्म' नावाचं जुनं बिअर गार्डन आहे. तिथली आख्यायिका बव्हेरियात सगळ्यांना पाठ असते. १९२२च्या जूनमधल्या एका शनिवारी तेरा हजार सायकलस्वार इथे येऊन थडकले. बिअर संपत आली, तेव्हा मालक फ्रान्झ झेव्हर कुग्लर याने तळघरात पडून असलेलं लिंबाचं गोड, फसफसतं पेय निम्म्याला निम्मं मिसळलं. 'सायकलवाल्यांना तोल सांभाळत घरी जाता यावं म्हणून खास बनवलंय,' असं त्याने ठोकून दिलं. जर्मनमध्ये सायकलस्वाराला रॅडलर म्हणतात, तेच नाव पेयाला चिकटलं.

गोष्ट झकास आहे, पण तारीख जुळत नाही. म्युनिकची लेखिका लेना क्रिस्ट हिच्या १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींमध्ये 'रॅडलरमास' आलेलं आहे. मास म्हणजे एक लिटरचा बिअरचा मग. म्हणजे कुग्लरच्या त्या शनिवारच्या किमान दहा वर्षं आधी हे पेय लोकांच्या ओठी होतं. कुग्लरने ते गाजवलं असेल, शोधून काढलं नाही. इंग्लंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बिअरमध्ये जिंजर बिअर मिसळून 'शँडीगॅफ' पीत. आजची शँडी तिचीच लेक.

मग सायकलवाल्याला खरंच किती फायदा होतो? पाच टक्के अल्कोहोलची अर्धा लिटर बिअर घेतली, तर तिच्यात पंचवीस मिलिलिटर, म्हणजे साधारण वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. त्याच ग्लासात अर्धी बिअर आणि अर्धं लिंबूपेय असेल, तर ते दहा ग्रॅमवर येतं आणि पेय अडीच टक्क्यांचं होतं. मात्र त्या पाव लिटर लिंबूपेयातून पोटात जाते सुमारे पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. अल्कोहोल निम्मं झालं, पण उष्मांक त्या मानाने फारसे उतरले नाहीत. शिवाय गोड आणि थंड असल्याने ग्लास लवकर रिकामा होतो. दोन रॅडलर प्यायलात की एका बिअरइतकंच अल्कोहोल पोटात गेलं, साखर तेवढी वर.

आपल्याकडे हा हिशेब आणखी फसवा होतो. इथे स्ट्राँग बिअरचा खप मोठा आणि ती आठ टक्क्यांपर्यंत असते. तिच्यात तेवढाच लिंबूसोडा ओतला तरी चार टक्के उरतातच. युरोपात जिला नेहमीची बिअर म्हणतात तिच्याहून ही शँडी फार हलकी नाही. माइल्ड बिअर घेतली तरच खरी शँडी होते. किंगफिशरने २०१८मध्ये रॅडलर नावाने आणलेलं पेय तर अल्कोहोलविरहितच होतं. तेव्हा नावावर न जाता लेबलवरचा टक्का वाचावा.

मेक्सिकोच्या मिचेलाडाची गत वेगळी. ग्लासच्या कडेला मीठ, आत लिंबाचा रस, तिखट सॉस, वूस्टरशर सॉस, बर्फ आणि वरून बिअर. जीभ म्हणते, किती हलकं! पण ३५५ मिलिलिटरच्या पाच टक्के बिअरमध्ये तीस मिलिलिटर रस पडला, तर ताकद साडेचारच्या आसपासच राहते. बर्फ वितळून पाणी वाढतं, पण अल्कोहोल थेंबभरही कमी होत नाही. काही ठिकाणी टोमॅटोचा रस भरपूर घालतात. तिथे बिअरच कमी मावते, म्हणून ग्लास खरोखर हलका होतो.

मिसळायचं तंत्र सोपं आहे. दोन्ही पेयं फ्रिजमधली गार हवीत. एक जरी कोमट असलं तरी फेस उतू जातो आणि खाली बेचव पाणी राहतं. आधी लिंबूपेय ओतावं, मग ग्लास तिरपा धरून बिअर हळूहळू सोडावी, म्हणजे चमच्याने ढवळावं लागत नाही आणि वायू टिकतो. बिअर फिकट, कमी कडू लागर असावी. फार कडू बिअर साखरेबरोबर औषधासारखी लागते.

एक गोष्ट मात्र घरी करू नये: मिश्रण बाटलीत भरून बूच लावून ठेवणं. न गाळलेल्या, न पाश्चराइझ केलेल्या बिअरमध्ये यीस्ट जिवंत असतं. त्याला नवी साखर मिळाली की ते पुन्हा आंबवायला लागतं, वायूचा दाब वाढतो आणि बाटली फुटूही शकते. उघडताच फवारा उडाला, गोडी ओसरली आणि पेय गढूळ झालं, तर समजावं की आत यीस्टने काम उरकलंय. कारखाने म्हणूनच पेय पाश्चराइझ करतात. जर्मनीत तर असं तयार मिश्रण बाटलीत भरून विकायला ब्रुअरींना कायद्याने १९९३मध्ये वाट मोकळी झाली. तोवर रॅडलर टेबलापाशीच मिसळलं जाई.

आणि शेवटी सायकलवाल्यांसाठी नव्हे, गाडीवाल्यांसाठी. भारतात शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. श्वास तपासणाऱ्या यंत्राला बिअरमध्ये लिंबू पिळलं होतं की सोडा ओतला होता, हे कळत नाही. शँडी पिऊन गाडी चालवायची नाही, हाच नियम बरा.